जीपीएस स्प्रेड स्पेक्ट्रम आहे, मग एका बारीकशा टोनपुढे ते का नमतं?

पिधानवेडा

चंद्र एखाद्या ताऱ्याला झाकतो तो क्षण नोंदवायचा तर घड्याळ काटेकोर लागतं. त्यासाठी मी जीपीएस मॉड्यूल आणि एक छोटा सिंगल-बोर्ड संगणक एका डब्यात बसवला आहे. दर सेकंदाचा पल्स जीपीएसकडून येतो, संगणक तो लॅनवरून दुसऱ्या यंत्राला देतो. डब्याबाहेर हे मॉड्यूल उत्तम चालतं. u-center मध्ये बहुतेक उपग्रह ४४-४५ च्या आसपास दिसतात. तेच डब्यात, संगणकाच्या बोर्डावर चार बोटं अंतरावर ठेवलं की सगळे आकडे ३० पर्यंत घसरतात. आधीपासून लॉक असेल तर कसंबसं टिकतं, पण बंद करून पुन्हा चालू केलं तर फिक्स मिळतच नाही.

`UBX-MON-HW` मध्ये `jamInd` भराभर चढतो, म्हणजे कुठला तरी सलग टोन आत येतोय. मग आरटीएल-एसडीआरचा अँटेना बोर्डाजवळ धरून हे चालवलं:

```
rtl_power -f 1574M:1577M:1k -i 10 -e 5m l1.csv
```

१५७५.००० मेगाहर्ट्झवर एक सुईसारखी रेघ उभी आहे, बाकी सगळं सपाट. वाचलं होतं की स्प्रेड स्पेक्ट्रमचा फायदाच हा, अरुंद पट्ट्यातला अडथळा त्याला फारसा त्रास देत नाही. इथे तर अडथळा इतका अरुंद आहे की याहून अरुंद काय असणार! मग हे असं का होतंय?

खटपट्या

रेघ कुठून येते ते आधी सांगतो. तुमच्या बोर्डावर लॅनच्या चिपला २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असणार. २५ गुणिले ६३ किती? १५७५. जीपीएसचा एल-१ आहे १५७५.४२ वर, म्हणजे तो हार्मोनिक थेट घरात शिरलाय.

आता दुसरा भाग. जीपीएसचा कोड सेकंदाला १०.२३ लाख चिपचा, म्हणजे कोडच्या ±१ तुकड्यांचा, आणि डेटा फक्त ५० बिटचा. भागाकार २०,४६०, म्हणजे ४३ डीबी प्रोसेसिंग गेन. याच गेनमुळे नॉइजखाली गाडलेला सिग्नल वर येतो. तेव्हा टोन ४३ डीबीपेक्षा कमी असेल तर काहीच बिघडायला नको. तुमचं बिघडतंय, याचा अर्थ टोन त्याहून दांडगा आहे. शिल्डिंग करा, विषय संपला.

रोहिणी_आरएफ

क्रिस्टलचा हिशेब चोख आहे, ४३ चा आकडाही बरोबर. पण त्यावरून काढलेले दोन्ही निष्कर्ष मला पटत नाहीत. माझी बरीच वर्षं रिसीव्हरच्या पुढच्या टोकाच्या डिझाइनमध्ये गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नॉइजचं. स्प्रेडिंगमुळे थर्मल नॉइजविरुद्ध काहीही कमाई होत नाही. सिग्नल २ मेगाहर्ट्झवर पसरला म्हणून रिसीव्हरला तेवढं मोठं दार उघडावं लागलं, त्या दारातून नॉइजही तेवढाच जास्त आत आला, आणि डिस्प्रेडिंगने फक्त तो जादाचा नॉइज परत बाहेर काढला. तेच ५० बिट तेवढ्याच शक्तीने अरुंद पट्ट्यात पाठवले असते तरी थर्मल नॉइजपुढे निकाल तोच लागला असता. फरक पडतो तो ज्याची शक्ती एका जागी गोळा झाली आहे अशा परक्या सिग्नलपुढे.

कसा, ते बघा. उपग्रहाने डेटाला कोडने गुणलं. रिसीव्हर आलेल्या सगळ्याला त्याच कोडने, त्याच वेळेवर पुन्हा गुणतो. आपल्या सिग्नलला कोड दोनदा लागला. उणे गुणिले उणे अधिक, त्यामुळे तो आवळून परत ५० बिटचा झाला. टोनला मात्र कोड एकदाच लागला, तोही रिसीव्हरमध्ये. त्यामुळे टोनच २ मेगाहर्ट्झभर पसरला. नंतरचा अरुंद फिल्टर आपला सिग्नल अख्खा ठेवतो आणि टोनचा बारीकसा तुकडा आत घेतो. एका जागी ओतलेलं पाणी अंगणभर शिंपडलं गेलं, आणि आपण उभे आहोत पाटाएवढ्या जागेवर.

आता तुमचे आकडे. जमिनीवर उपग्रहाची हमी दिलेली शक्ती सुमारे −१२८.५ डीबीएम. टोन त्याच्या ३० डीबी वर आहे असं धरा, म्हणजे −९८.५ डीबीएम. वॉटमध्ये सांगायचं तर सुमारे ०.१४ पिकोवॉट! चार बोटांवरच्या क्रिस्टलच्या हार्मोनिकला एवढं गळायला काहीच लागत नाही. शिंपडलेला टोन जादा नॉइजसारखा मोजायचा:

```
1/(C/N0)eff = 1/(C/N0) + (J/S)/Rc
```

हे साध्या पटीत मांडायचं, डीबीत नाही. `C/N0` म्हणजे तुम्हाला स्क्रीनवर प्रत्येक उपग्रहाचा दिसतो तो आकडा, `J/S` म्हणजे टोन सिग्नलच्या किती पट, आणि `Rc` म्हणजे चिपचा वेग, डीबीत ६०.१. नुसता टोनचा वाटा ६०.१ वजा ३० म्हणजे ३०. आधीचे ४५ धरून बेरीज केली तरी उत्तर ३० च येतं, आणि तुम्हाला स्क्रीनवर तेच दिसतंय. टोन ४३ च्या वर असायची गरज नाही, ३० नेच एवढं घडतं.

शिवाय ३० वर पिधानवेडांचा रिसीव्हर मेलेला नाही. ५० बिटच्या पट्ट्यासाठी १७ डीबी वजा केले तरी १३ उरतात, डेटा वाचायला पुरेसे. म्हणून लॉक टिकतो. चालू करताना मात्र रिसीव्हरला कोडची वेळ आणि डॉप्लर दोन्ही माहीत नसतात. प्रत्येक शक्यतेवर थोडाच वेळ थांबून त्याला शोध घ्यावा लागतो, आणि तिथे ३० अपुरे पडतात. स्प्रेडिंग नसतं, ५० बिटच्याच अरुंद पट्ट्यात ३० डीबी जास्तीचा टोन बसला असता, तर एक बिटही वाचता आला नसता. तेव्हा संरक्षण मिळालंय, पण तुमच्या सिग्नलकडे खर्चायला फारसं काही नव्हतंच.

संकेत_पायथॉन

रोहिणीताई, 'दोनदा गुणलं, एकदा गुणलं' हे मला लिहून बघितल्याशिवाय पटत नाही. जुन्या ८०२.११ वायफायचा ११ चिपचा बार्कर कोड घेतला, सिग्नल ±१ चा, आणि वर ३ चा कायमचा अडथळा टाकला. म्हणजे शक्तीत नऊपट.

```python
c = [1,-1,1,1,-1,1,1,1,-1,-1,-1]
for d in (1, -1):
    rx = [d*x + 3 for x in c]
    print(d, sum(rx), sum(r*x for r, x in zip(rx, c)))
```

उत्तर:

```
1 34 14
-1 32 -8
```

मधला आकडा कोडशिवाय नुसती बेरीज केल्याचा: बिट काहीही असो, ३२-३४. शेवटचा आकडा कोडने गुणून केलेल्या बेरजेचा: १४ आणि −८, चिन्ह बरोबर ओळखलं गेलं. कारण अडथळ्याचा वाटा ३ गुणिले कोडची बेरीज, आणि त्या कोडची बेरीज आहे अवघी १. अडथळा १० केला तरी चालतं! म्हणजे शक्तीत शंभरपट.

रोहिणी_आरएफ

संकेत, छान केलंस. पण तू टोन नेमका मधोमध ठेवलास, आणि बार्कर कोडची ऊर्जा नेमकी तिथेच सगळ्यात कमी आहे. टोन थोडा सरकव. ११ चिपमध्ये एक पूर्ण फेरा घेणारी कोसाइन ठेव, दोन, तीन फेऱ्यांचीही ठेव, आणि फेज फिरवून बघ. तिथे कोडचा वाटा १ नाही, √१२ आहे, सुमारे ३.४६. तुझ्या ३ च्या अडथळ्याचे वाईट फेजला १०.४ होतात आणि सिग्नल आहे ११. जेमतेम वाचतोस. ११ चिपचा खरा गेन एवढाच, शक्तीत ११ पट, १०.४ डीबी. शंभरपट हा जागा सोयीची मिळाल्याचा परिणाम.

तुझ्या या खेळातली गोष्ट जीपीएसलाही लागू आहे, आणि पिधानवेडांना तिचा अनुभव येत असणार. मी वर टोन 'नॉइजसारखा' पसरतो असं धरलं, ते सरासरीपुरतं खरं. जीपीएसचा सी/ए कोड १०२३ चिपचा आहे आणि दर मिलिसेकंदाला तोच पुन्हा येतो. जे पुन्हा पुन्हा तसंच येतं त्याचा स्पेक्ट्रम सलग नसतो, त्यात दर १ किलोहर्ट्झवर एक रेघ असते. हजार रेघांत शक्ती वाटली म्हणजे एक रेघ सरासरी ३० डीबी खाली. काही रेघा मात्र जास्त उंच असतात, एकूण शक्तीच्या फक्त २१ ते २४ डीबी खाली.

तुमचा टोन दोन रेघांच्या मधे पडला तर ५० बिटच्या फिल्टरमध्ये जवळजवळ काही येत नाही. नेमका २४ डीबीच्या रेघेवर पडला तर ३० डीबीचा टोन ६ डीबी वर राहून सिग्नलवर बसतो. तो उपग्रह गेला. प्रत्येक उपग्रहाचा कोड वेगळा, डॉप्लर वेगळा, त्यामुळे हा फटका सगळ्यांना एकदम बसत नाही.

पिधानवेडा, एखादाच उपग्रह थोडा वेळ गायब होऊन परत येतो असं दिसतं का?

पिधानवेडा

दिसतं! मला वाटलं होतं समोरच्या इमारतीमागे जातोय. पण चांगला डोक्यावर असलेला उपग्रहही दोन-तीन मिनिटं कोसळतो आणि मग परत ३० वर येतो. त्याच वेळी शेजारचे जागच्या जागी असतात.

मृणाल

माझाही हाच त्रास आहे. आमच्या सोसायटीत ब्लूटूथचा हेडफोन घरात तुटत तुटत वाजतो, मैदानात मात्र झकास. तेही स्प्रेड स्पेक्ट्रमच म्हणतात ना? मग तिथेही कुठल्या तरी क्रिस्टलचा हार्मोनिक येतोय का? शोधायचा कसा?

रोहिणी_आरएफ

मृणालताई, तुमची गोष्ट वेगळी आहे. ब्लूटूथ कोडने पसरत नाही, उड्या मारतं. १ मेगाहर्ट्झचे ७९ चॅनल, सेकंदाला १६०० उड्या, म्हणजे एका जागी ६२५ मायक्रोसेकंद. जीपीएस टोनचा त्रास सगळ्या बिटांवर थोडाथोडा वाटून घेतं. फ्रीक्वेन्सी हॉपिंगमध्ये ज्या उडीत टोन सापडला ती उडी पूर्ण वाया आणि बाकीच्या ७८ ला धक्काही नाही.

यातली मेख अशी की नुसत्या उड्या पुरत नाहीत. ७९ पैकी एक चॅनल मेला तर त्यातले निम्मे बिट नशिबाने बरोबर, निम्मे चूक. म्हणजे १५८ बिटांमागे एक चूक, आणि सिग्नल कितीही तगडा केला तरी ती कमी होत नाही. म्हणून हॉपिंगच्या जोडीला चूक सुधारणारा कोड तरी हवा किंवा हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवायची सोय तरी हवी. उड्यांमुळे नुकसान तुकड्यातुकड्यात येतं, आणि ते भरून काढायचं काम या दुसऱ्या यंत्रणेचं. आवाजाला उशीर फारसा चालत नाही, त्यामुळे पुन्हा पाठवायलाही मर्यादा पडते.

तुमच्या घरात टोन असण्यापेक्षा वायफाय असण्याचीच शक्यता जास्त. एक वायफाय सुमारे २० चॅनल व्यापतं. २००३ च्या आवृत्तीपासून ब्लूटूथ खराब चॅनल ओळखून टाळतं, पण किमान २० चॅनलवर तरी त्याला उड्या माराव्याच लागतात. शेजाऱ्यांचे राउटर १, ६ आणि ११ वर जोरात चालू असतील तर ६० च्या आसपास चॅनल गेले, उरले जेमतेम वीस, आणि तेही काठाकाठाचे. राउटर ५ गिगाहर्ट्झवर नेता आला तर आधी ते करून बघा.

हॅमकाका

आम्ही हॅम मंडळी मोर्स ऐकताना दोन-तीनशे हर्ट्झचा फिल्टर लावतो. पट्टा जेवढा अरुंद तेवढा बाहेरचा त्रास कमी, हा आयुष्यभराचा अनुभव. एवढं पसरून मग गेनच्या गोष्टी करण्यापेक्षा, रेघ कुठे आहे ते दिसतंय तर नॉच लावून ती कापून का टाकत नाहीत?

रोहिणी_आरएफ

काका, तुमचा अनुभव खरा आहे, कारण तुम्ही कान देऊन डायल फिरवता. त्रास अंगावर आला की बाजूला सरकता. ज्याला सरकता येत नाही त्याच्या अरुंद पट्ट्यात टोन येऊन बसला तर नॉच लावून तो सिग्नलच कापेल.

आणि नॉचबद्दल तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. डायरेक्ट सिक्वेन्सचा मला सगळ्यात आवडणारा गुण हाच आहे. सिग्नल २ मेगाहर्ट्झवर पसरलेला आहे, त्यातले २० किलोहर्ट्झ कापून फेकले तर गेलं काय? सुमारे एक टक्का ऊर्जा, म्हणजे ०.०४ डीबी. ते कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि टोन मात्र मुळासकट गेला. म्हणून चांगल्या रिसीव्हरमध्ये कोरिलेशनच्या आधी आपोआप फिरणारा नॉच असतो, टोन शोधायचा आणि कापायचा. गुणाकारातून मिळणारं संरक्षण आणि कापून मिळणारं संरक्षण, दोन्ही एकाच पसरण्यातून आलेली आहेत.

न्यूजर्सीकर

नॉचचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे नेवार्क विमानतळावर विमान उतरवायला मदत करणारी जीपीएसवर चालणारी यंत्रणा बसवली आणि ती अधूनमधून बिथरायला लागली. विमानतळाला लागूनच टर्नपाइकचा हायवे आहे. मालकाला आपला ट्रक कुठे आहे ते कळू नये म्हणून ड्रायव्हर सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायचा जॅमर घेऊन तिथून जायचे. २०१२ मध्ये एकाला पकडलं आणि २०१३ मध्ये एफसीसीने त्याला ३१,८७५ डॉलर दंडाची नोटीस काढली. माझा रोजचा रस्ता तो, म्हणून लक्षात राहिलं.

रोहिणीताई, तिथले रिसीव्हर चांगलेच असणार. मग नॉचने का भागलं नाही?

रोहिणी_आरएफ

कारण असे बहुतेक जॅमर एका जागी उभे राहत नाहीत. त्यांचा टोन करवतीच्या दात्यासारखा अख्ख्या पट्ट्यावरून काही मायक्रोसेकंदांत सरकतो आणि पुन्हा सुरुवातीला येतो. कुठल्याही क्षणी तो अरुंदच असतो, पण नॉच जागेवर पोचेपर्यंत तो निघून गेलेला असतो. वेगाने माग काढणारे फिल्टर असतात, तरी काम कठीण होतं.

दुसरी अडचण त्याहून साधी. प्रोसेसिंग गेन मिळतो तो गुणाकार झाल्यावर. त्याआधी अँप्लिफायर आहे आणि स्वस्त रिसीव्हरमध्ये एक-दोन बिटचा एडीसी आहे. टोन फार जोरात आला की ऑटो-गेन मागे खेचला जातो आणि एडीसी टोनच्याच तालावर वर-खाली होतो. त्यात उपग्रह उरतच नाही, मग पुढे कितीही गुणा. हे घडतंय का ते `agcCnt` वरून कळतं. पिधानवेडा, डब्यात आणि डब्याबाहेर तो आकडा किती आहे?

पिधानवेडा

`agcCnt` मध्ये नाव घेण्यासारखा फरक नाही. `jamInd` मध्ये मात्र आहे. म्हणजे अजून एडीसी गुदमरलेला नाही, बरोबर ना?

आज अँटेना वायर लावून डब्यापासून दोन मीटरवर नेला. आकडे ४२-४३ वर आले, चालू केल्यावर फिक्सही मिळतो. पण एक उपग्रह कोसळण्याचा प्रकार पूर्ण थांबलेला नाही. घसरणीची खोली कमी झाली, तरी अधूनमधून एकच जण तीन-चार डीबी खाली जाऊन येतो.

खटपट्या

४३ चा आकडा मी पुस्तकी घेतला होता हे मान्य, तरी माझं म्हणणं कायम आहे की इलाज शिल्डिंगचाच. दुसरा इलाज, एल-५ वालं मॉड्यूल घ्या. तिथे चिपचा वेग दहापट, १.०२३ कोटी. आणि ११७६.४५ वर २५ चा हार्मोनिक नसणार.

संकेत_पायथॉन

२५ गुणिले ४७ बरोबर ११७५. तिथेही आहेच, मध्यापासून १.४५ मेगाहर्ट्झवर.

रोहिणी_आरएफ

हो, आणि एल-५ चा मुख्य भाग दोन्ही बाजूंना १० मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला असल्याने तो आतच पडतो. पण खटपट्यांचा सल्ला टाकाऊ नाही. चिप दहापट म्हणजे तोच टोन दहापट जागेवर शिंपडला जाणार, १० डीबीचा दिलासा. फक्त त्या पट्ट्याच्या आसपास विमानांसाठीची डीएमई केंद्रं पल्स सोडत असतात, विमानतळाजवळ राहत असाल तर ते ध्यानात घ्या. पल्सचा त्रास ही वेगळी जात आहे, तिथे फ्रीक्वेन्सीतला नाही, वेळेतला नॉच लागतो.

आता त्या एकट्या कोसळणाऱ्या उपग्रहाबद्दल. अंतर वाढवल्यावर खोली कमी झाली, म्हणजे रेघेवर रेघ येण्याचाच प्रकार आहे. उपग्रहाचा डॉप्लर सेकंदाला साधारण अर्धा हर्ट्झ सरकतो आणि धोक्याचा पट्टा शंभर हर्ट्झच्या आसपास, म्हणून दोन-तीन मिनिटं.

हॅमकाका

रोहिणी, इथे मी थोडा अडतो. २५ मेगाहर्ट्झचा साधा क्रिस्टल काही तापमान-नियंत्रित नाही. तो दहा लाखात एक भाग जरी सरकला तरी ६३ व्या हार्मोनिकला १५७५ हर्ट्झ सरकतात, म्हणजे दीड रेघ ओलांडली. डब्यात पंखा नसेल तर डॉप्लरपेक्षा क्रिस्टलच जास्त हिंडत असेल. मग दोन-तीन मिनिटांचा हिशेब कसा जुळला?

रोहिणी_आरएफ

काका, मुद्दा रास्त आहे. चालू केल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास तुमचंच खरं असेल. बोर्ड एकदा तापून स्थिर झाला की डॉप्लरचा वाटा वर येईल असं मला वाटतं, पण बंद डब्यात रात्रभर हवा गार होत असताना मी पैज लावणार नाही. तपासता येईल: एसडीआरवर रेघ सलग नोंदवायची आणि त्याच वेळी प्रत्येक उपग्रहाचे आकडे. एसडीआरचा स्वतःचा क्रिस्टलही हिंडतो, म्हणून त्यात टीसीएक्सओ असलेलाच घ्या. रेघ स्थिर असताना कुणी कोसळला तर कारण डॉप्लर. रेघ धावत असताना एकापाठोपाठ एक कोसळले तर काकांचं बरोबर.

पिधानवेडा

टीसीएक्सओवाला एसडीआर मित्राकडे आहे, शनिवारी आणतो. दोन्ही फायली इथे चढवतो, कालरेषा एकाच घड्याळावर घेऊन. घड्याळ अर्थात दुसऱ्या, डब्याबाहेरच्या मॉड्यूलचं.

मृणाल

राउटर ५ गिगाहर्ट्झवर नेला. दिवाणखान्यात आता नीट वाजतंय, स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असला की अजून तुटतं. ते कशात मोडतं?